पहिल्या वर्षाला कन्व्हर्जन शिकवायचंय, 'ईमेल'पासून सुरुवात करू का?

खडूवाला:
मंडळी, फर्स्ट इयरच्या पोरांना इंग्लिश शब्दरचनेचं पहिलंच लेक्चर घ्यायचंय आणि विषय मुद्दाम कन्व्हर्जन घेतलाय, म्हणजे नामाला पुढे-मागे काही न चिकटवता तेच्या तेच क्रियापद म्हणून वापरलं जातं ते. उपसर्ग-प्रत्ययांच्या तक्त्यापासून सुरुवात केली की पाचव्या मिनिटाला माना खाली जातात, म्हणून हा शॉर्टकट.

डोक्यात असं आहे. फळ्यावर दोन वाक्यं लिहायची, 'आय गॉट ॲन ईमेल' आणि 'आय विल ईमेल यू'. आणि मग गप्प बसायचं. दुसऱ्या वाक्यातला ईमेल नाम आहे का? नाही म्हणतील, मग कशावरून नाही ते त्यांच्याकडूनच काढायचं. 'विल'च्या मागोमाग आलाय. त्याच्या आधी 'ॲन' घालून बघा, वाक्य मोडतं. पुढे 'यू' हे कर्म आलंय. तेच काल झालं म्हणायचं तर 'ईमेल्ड' होतं. एवढं निघालं की मग बॉटल, हॅमर, बटर, टेक्स्ट अशी यादी त्यांनाच वाढवायला सांगायची.

प्रश्न दोन आहेत, यात नंतर निस्तरावं लागेल असं काही मी शिकवत नाहीये ना, आणि पोरं नक्की कुठे अडतात?

सोपं_करून_सांगा:
मी शाळेच्या मुलांच्या शिकवण्या घेते त्यामुळे सांगते, कन्व्हर्जनमध्ये आधी ॲक्टिव्ह-पॅसिव्ह पक्कं करून घ्या आणि मगच डायरेक्ट-इनडायरेक्टकडे वळा, उलट केलंत तर मुलं टेन्समध्ये गोंधळ घालतात. रोज पाच वाक्यं बदलायला द्यायची, बाकी काही लागत नाही.

खडूवाला:
ताई, ते वाक्याचं रूपांतर झालं, हे शब्दाचं चाललंय. पण बरं झालं लिहिलंत, माझ्या वर्गातले निम्मे तरी 'कन्व्हर्जन' ऐकून वहीत पॅसिव्ह व्हॉइसच लिहिणार आहेत, सुरुवातीलाच एक वाक्य त्यावर टाकतो.

अर्धाकप:
मला एक कळत नाही, तुम्हीच म्हणता की फॉर्म बदलत नाही आणि तुमच्याच चौथ्या पुराव्यात 'ईमेल्ड' आहे. 'एड' लागला की नाही लागला? मग 'काही न चिकटवता' कसं काय? हा प्रश्न मला सुचला म्हणजे पोरांनाही सुचणार. आणि दुसरं म्हणजे हे सगळं इंटरनेटनंतरचं फॅड आहे, गूगल कर, टेक्स्ट कर, आधीच्या लोकांना असली इंग्लिश चाललीच नसती.

निळीशाई:
अर्धाकप, पहिला प्रश्न खरंच विचारण्यासारखा आहे आणि त्याला वर्गात पाच-सात मिनिटं द्यायला हवीत.

'एड' हा क्रियापद झाल्यानंतर लागतो, क्रियापद होण्यासाठी नाही. वॉक, टॉक, वॉश या सगळ्यांना तो लागतो, ईमेलला लागला यात विशेष काही नाही. हे दाखवायचं तर शेजारी 'हॉस्पिटल' ठेवा. त्याचं क्रियापद 'हॉस्पिटलाइझ'. आता दोघांना 'विल'च्या मागे उभं करा, 'दे विल हॉस्पिटलाइझ हिम' आणि 'दे विल ईमेल हिम'. तिथे काळाचा कुठलाच प्रत्यय नाही, शब्द अगदी उघडा आहे, तरी 'आइझ' जात नाही कारण त्याच्याशिवाय ते क्रियापदच नाही. ईमेलच्या अंगावर मात्र त्या जागी काहीच उरत नाही. म्हणून खडूवाले, तुमच्या चार पुराव्यांत 'विल'वाली जागा सगळ्यात कामाची आहे, 'ईमेल्ड' सगळ्यात शेवटी आणा.

इंटरनेटचं म्हणाल तर बेंजामिन फ्रँकलिनने १७८९ च्या डिसेंबरमध्ये कोशकार नोआ वेबस्टरला पत्र लिहून हीच तक्रार केली होती, की आपण परदेशी होतो तेवढ्यात इकडे काही नवीन क्रियापदं घुसली आहेत. त्यातली तीन होती नोटिस, ॲडव्होकेट आणि प्रोग्रेस. आज 'आय नोटिस्ड' ऐकून कुणाच्या कपाळावर आठी तरी पडते का?

मुळात इंग्लिशला हे इतकं सोपं पडतं त्याचं कारण आणखी जुनं आहे. जुन्या इंग्लिशमध्ये प्रेम हे नाम 'लुफु' होतं आणि प्रेम करणे 'लुफियन', म्हणजे शेवट वेगवेगळे होते. पुढच्या शतकांत ते शेवट झिजून गळाले आणि दोन्ही 'लव्ह' झाले. अशा जोड्या ढिगाने तयार झाल्यावर लोकांना सवयच लागली, की नाम आणि क्रियापद दिसायला एकच असू शकतं.

अर्धाकप:
फ्रँकलिनचं मान्य. पण वेग वाढलाय हे तरी कबूल करा, पूर्वी नवीन शब्द रुळायला पिढी जायची.

निळीशाई:
पसरण्याचा वेग वाढला असेल. पण यंत्रणा तीच, एवढंच माझं म्हणणं.

आता खडूवाल्यांचा मूळ प्रश्न, नंतर निस्तरावं लागेल असं काही आहे का. आहे, आणि ते 'ईमेल'च आहे. कारण 'मेल' हे टपालाने पाठवणे या अर्थाचं क्रियापद अमेरिकन इंग्लिशमध्ये १९व्या शतकापासून आहे. मग 'टू ईमेल' कुठून आलं? ईमेल या नामाचं क्रियापद झालं असेल, किंवा 'मेल' या तयार क्रियापदाला पुढे 'ई' लावला असेल. दुसरं खरं असेल तर कन्व्हर्जन ईमेलमध्ये झालंच नाही, ते 'मेल'मध्ये शंभर-दीडशे वर्षं आधी होऊन गेलं आणि ईमेलने फक्त वारसा घेतला. कोशांत नामाची नोंद आधीची आहे, म्हणून बहुतेक लोक पहिलं उत्तर देतात आणि मीही तेच देईन, पण नुसत्या तारखेवरून असं ठरत नाही. जे आधी छापून आलं ते आधी बोललं गेलंच असेल असं कुठे आहे?

म्हणून ईमेलने दार उघडायला हरकत नाही, पण सिद्ध करायला 'गूगल' घ्या. ते मुळात कंपनीचं नाव. नावाच्या आधी तसलं क्रियापद असणं शक्यच नाही, म्हणजे दिशा एकच, नामाकडून क्रियापदाकडे. २००६ मध्ये ऑक्सफर्ड आणि मेरियम-वेबस्टर दोघांनीही ते क्रियापद म्हणून कोशात घेतलं.

वकिली_चष्मा:
थोडं अवांतर. ट्रेडमार्कवाल्यांना हे कन्व्हर्जन फार झोंबतं, कारण नाव सर्रास क्रियापद झालं की ते सगळ्यांचं झालं आणि मालकाचा हक्क गेला, असा दावा कुणी ना कुणी करतोच. गूगलवर तसा दावा झाला होता. २०१७ मध्ये अमेरिकेच्या नवव्या सर्किट कोर्टाने सांगितलं की लोक शब्द क्रियापद म्हणून वापरतात एवढ्यावरून तो ट्रेडमार्क आपोआप मरत नाही. 'गूगल केलं' म्हणणाऱ्याच्या डोक्यात ते विशिष्ट सर्च इंजिन असू शकतं किंवा कुठलंही असू शकतं, क्रियापद वापरलं म्हणून ते कळत नाही. व्याकरणाचा प्रश्न कोर्टात असा क्वचितच येतो म्हणून सांगितलं, चालू द्या.

खडूवाला:
हे अवांतर नाही हो, हे मी वापरणार. शब्दजात बदलली म्हणून अर्थ किती बदलला, हाच पुढचा प्रश्न आहे माझा. बॉटल म्हणजे बाटलीत भरणे, हॅमर म्हणजे हातोड्याने ठोकणे, बटर म्हणजे बटर लावणे. तीनही नामं वस्तूंचीच, पण एकीत आपण काहीतरी भरतो, दुसरीने काम करतो आणि तिसरी कशाला तरी फासतो. याचा काही नियम सांगता येतो का? पोरं विचारतीलच.

निळीशाई:
नियम शोधू नका, 'डस्ट' फळ्यावर लिहा. 'डस्ट द शेल्फ' म्हणजे फळीवरची धूळ काढा. 'डस्ट द क्रॉप्स' म्हणजे पिकावर पावडर उडवा. एकच नाम, एकच क्रियापद, आणि क्रिया बरोब्बर उलट्या. शब्दात 'काढणे'ही लिहिलेलं नाही आणि 'टाकणे'ही नाही. फळीवर मुद्दाम धूळ कोण टाकेल, आणि शेतातल्या पिकाची धूळ कोण पुसत बसेल, एवढ्या व्यवहारज्ञानावर ऐकणारा अर्थ लावतो.

१९७९ मध्ये ईव्ह क्लार्क आणि हर्बर्ट क्लार्क या दोघांनी यावर मोठा लेख लिहिला, त्यात एक गमतीशीर उदाहरण आहे. दोन मित्र आहेत, आणि त्यांच्या ओळखीचा मॅक्स नावाचा एक विक्षिप्त माणूस आहे, ज्याला लोकांच्या मागून हळूच जाऊन त्यांच्या पायाला चहाची किटली घासायची खोड आहे. एक मित्र दुसऱ्याला म्हणतो की आज मॅक्सने कहर केला, त्याने एका पोलिसाला 'टीपॉट' करायचा प्रयत्न केला. दुसऱ्याला ताबडतोब कळतं. आपल्याला मॅक्सची खोड माहीत नसती तर आपण काय समजलो असतो? पोलिसाला चहा पाजला? किटलीने मारलं? त्यांचा मुद्दा हाच, की असल्या नव्या क्रियापदाचा अर्थ कोशात नसतो, बोलणाऱ्या-ऐकणाऱ्याला दोघांना काय माहीत आहे त्यातून तो तिथल्या तिथे बांधला जातो. हॅमर, बटर, बॉटल यांचे अर्थ आपल्याला ठरलेले वाटतात कारण ते वापरून वापरून घट्ट झालेत.

वर्गात प्रयोग करा. एखादं नाम द्या ज्याचं क्रियापद कुणी ऐकलेलं नाही, दोन वेगळ्या प्रसंगांत घाला आणि अर्थ लिहायला सांगा. एकाच प्रसंगाला बहुतेकांचं उत्तर सारखं येतं आणि प्रसंग बदलला की सगळ्यांचंच बदलतं.

मीटिंगग्रस्त:
आमच्या ऑफिसात हा प्रयोग रोज चालतो, फुकट. 'प्लीज ॲक्शन दिस', 'लेट्स कॅलेंडर इट', परवा तर एकाने 'आय विल डेक दिस' म्हणून मेल केला, म्हणजे स्लाइड्स करतो. पण मला एक नियम सापडलाय, 'शन'ने संपणाऱ्या नामाचं क्रियापद होत नाही. 'टू डिसिजन' कुणी म्हणत नाही, 'टू अरायव्हल' पण नाही. प्रत्यय लागून बनलेल्या नामाचा पुन्हा क्रियापद होण्याचा रस्ता बंद, म्हणून 'ॲक्शन' चुकीचं आहे असं मी मॅनेजरला सांगितलं.

निळीशाई:
मॅनेजरने 'क्वेश्चन' केलं नाही का तुम्हाला? 'मेन्शन', 'पोझिशन', 'फंक्शन', 'कमिशन' ही सगळी 'शन'वाली क्रियापदंच आहेत की.

तुमचं निरीक्षण बरोबर आहे, कारण वेगळं आहे. 'डिसिजन'ची जागा अडलेली आहे, कारण त्या अर्थाला 'डिसाइड' आधीच बसलंय. 'अरायव्हल'ला 'अराइव्ह' आडवं येतं. 'हॉस्पिटल'चं थेट क्रियापद होत नाही कारण 'हॉस्पिटलाइझ' तिथे बसलंय. आता 'ॲक्शन' बघा, 'ॲक्ट' आहे खरं, पण 'प्लीज ॲक्ट दिस' म्हटलं तर लोक नाटक सुरू करतील. मीटिंगमध्ये ठरलेली कामं मार्गी लावणे या अर्थाची जागा रिकामी होती, म्हणून तो घुसला. कानाला खटकतो हे मान्य, मलाही खटकतो, पण खटकणं आणि व्याकरणात न बसणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

अर्धाकप:
म्हणजे जागा रिकामी असेल तर कुठलंही नाम चालतं?

निळीशाई:
कुठलंही नाही, पण अडथळा बहुतेक वेळा याच प्रकारचा असतो. 'टू कार' का नाही याचं उत्तर 'ड्राइव्ह' असं लोक देतात, पण मग 'टू बस' का आहे? मुलांना शाळेत बसने पोचवणे याला 'बस्ड' म्हणतात. सगळं नीट बसवून दाखवणारा मला तरी अजून भेटलेला नाही.

ब्रेकफेल:
एक भर घालतो, फर्स्ट इयरला जाम आवडेल. गाडीचा ब्रेक मारला याचा भूतकाळ 'ब्रोक' नाही, 'ब्रेक्ड' होतो. काच फोडली तर 'ब्रोक'. नामापासून आलेलं क्रियापद बिचारं साधं 'एड' घेतं.

निळीशाई:
दिशा अचूक पकडलीत, फक्त उदाहरणावर हुशार पोरगं हरकत घेईल, कारण त्या दोन ब्रेकचं स्पेलिंग वेगळं आहे आणि ते दोन वेगळे शब्दच आहेत. त्याऐवजी 'ग्रँडस्टँड' घ्या. प्रेक्षकांची मोठी गॅलरी, त्यावरून गॅलरीकडे बघून शायनिंग मारणे असं क्रियापद झालं. आत 'स्टँड' स्पष्ट ऐकू येतंय, आणि स्टँडचा भूतकाळ 'स्टुड' हे शाळेपासून पाठ आहे. तरी 'ही ग्रँडस्टुड' कुणी म्हणत नाही, 'ग्रँडस्टँडेड'च म्हणतात.

तसंच 'रिंग'. फोन वाजला तर 'रँग'. पोलिसांनी इमारतीला वेढा घातला, म्हणजे भोवती रिंग केली, तर 'रिंग्ड'.

हे का होतं ते वर्गात सावकाश सांगा. 'स्टुड' हे रूप 'स्टँड' या क्रियापदाच्या खात्यावर नोंदलेलं आहे. ग्रँडस्टँड हे क्रियापद त्या खात्यातून आलेलंच नाही. ते नामाकडून आलंय, आणि नामाला भूतकाळ नसतोच. तिथून काही अनियमित घेऊन येण्याचा प्रश्न येत नाही, मग सर्वांना लागतो तो 'एड' लागतो. म्हणजे शब्दाच्या अंगावर एक खूण नसताना बोलणाऱ्याच्या डोक्यात तो कुठून आला याची नोंद राहते, आणि ती भूतकाळात उघडी पडते. माझ्या मते तुमच्या पूर्ण तासात दाखवण्यासारखी सगळ्यात भारी गोष्ट ही आहे.

शब्दवेडी:
इतका वेळ गप्प वाचत होते, आता राहवत नाही. मराठीचं काय? आपण 'ईमेल करतो', 'ईमेलतो' म्हणत नाही. 'गूगलून बघ' म्हणतात काही जण, पण चेष्टेत. म्हणजे मराठीत कन्व्हर्जन नाही आणि सगळा भार 'करणे'वर, असं मी विद्यार्थ्यांना सांगत आलेय.

निळीशाई:
परक्या शब्दांपुरतं बरोबर आहे. पण घरचे शब्द बघा. 'बदल' झाला आणि 'कपडे बदल'. 'वापर' वाढला आणि 'हे पेन वापर'. 'शोध' लागला आणि 'किल्ली शोध'. 'तू'ला आज्ञा केली की क्रियापद उघडं पडतं, आणि ते नामासारखंच दिसतं, अगदी 'विल'नंतरच्या ईमेलसारखं. 'बदलला', 'बदलतो' यातले प्रत्यय काळाचे आहेत, 'एड'चे भाऊबंद.

शब्दवेडी:
पण 'णे' लागतोच ना? कोशात 'बदलणे' आहे, 'बदल' हे क्रियापद म्हणून नाही. आणि 'पाणावणे', 'लाथाडणे' यांत तर मध्ये काहीतरी सरळसरळ घुसलंय. नामधातू म्हणून व्याकरणात वेगळं प्रकरणच आहे त्यांचं.

निळीशाई:
पाणावणे, लाथाडणे, हाताळणे ही हॉस्पिटलाइझच्या रांगेतली, तिथे तुमच्याशी वाद नाही. 'णे'बद्दल मात्र मी म्हणेन की तो कोशाच्या सोयीचा आहे. आज्ञेत तो कुठे असतो?

शब्दवेडी:
आज्ञेतल्या एका रूपावर तुम्ही फार मोठी इमारत बांधताय. 'बदला', 'बदलू दे', 'बदलायला', बाकी सगळीकडे काही ना काही लागतंच. इंग्लिशमध्ये 'आय ईमेल', 'वी ईमेल', 'दे ईमेल', 'टू ईमेल' सगळीकडे शब्द मोकळा. हा फरक तुम्ही किरकोळ समजताय, मला तोच मुख्य वाटतो. म्हणूनच इंग्लिशमध्ये नवीन नाम आलं की संध्याकाळपर्यंत त्याचं क्रियापद होतं आणि आपल्याकडे 'करणे' पुढे येतं.

निळीशाई:
या शेवटच्या वाक्यात दम आहे. पण मग तो प्रमाणाचा फरक झाला, जातीचा नाही, आणि 'बदल'मध्ये दिशा कुठली, नामाकडून क्रियापदाकडे की उलट, हेही ठरवावं लागेल. 'खेळ' आणि 'खेळणे'मध्ये तर मला क्रियापदच आधी वाटतं.

सोपं_करून_सांगा:
माझ्या मुलांनी आज 'कपडे बदल'वर विचारलं की बाई 'बदल' नाम आहे का क्रियापद. तुमच्यामुळे उत्तर देता आलं, धन्यवाद. पॅसिव्ह व्हॉइस मात्र आधी घ्याच.

खडूवाला:
ताई, पॅसिव्ह दुसऱ्या सत्रात आहे.

तासाची मांडणी आता अशी होतेय. ईमेलची दोन वाक्यं, 'विल'ची जागा, शेजारी हॉस्पिटलाइझ, 'एड'चा प्रश्न पोरांनीच काढला तर उत्तम, नाहीतर मी काढतो. मग गूगल. मग डस्ट आणि किटलीवाला मॅक्स, आणि तो नव्या नामाचा प्रयोग, याला निम्मा तास जाईल आणि जाऊ दे. शेवटी ग्रँडस्टँड. बॉटल-बटरची यादी काढून टाकली, घरी करतील. मराठीचं दुसऱ्या तासाला, तोपर्यंत तुम्ही दोघं काहीतरी ठरवा.

एकच शंका राहिली. नामापासून आलेलं क्रियापद 'एड'च घेतं म्हणायचं, तर 'आय टेक्स्ट हिम यस्टरडे' असं बोलणारे इंग्लिशच मातृभाषा असलेले लोक मी ऐकलेत. तिथे 'टेक्स्टेड' का नाही?

निळीशाई:
ऐकलेत हे बरोबर आहे, बरेच जण तसं बोलतात. एक शक्यता उच्चाराची आहे, 'टेक्स्ट'चा शेवट मुळातच भूतकाळासारखा ऐकू येतो, 'फिक्स्ड', 'मिक्स्ड' बोलून बघा, तोच 'क्स्ट'. कानाला वाटतं की प्रत्यय लागून झालाय. दुसरी म्हणजे 'कट', 'पुट', 'हिट' ही 'ट'वाली क्रियापदं भूतकाळात बदलत नाहीत, त्यांच्या ओळीत हे जाऊन बसलं. दुसरी खरी असेल तर ग्रँडस्टँडचा नियम मी सांगितला तितका कडक नाही. वर्गात कुणी विचारलं तर दोन्ही सांगा.

ब्रेकफेल:
आणि 'ईमेल'चा भूतकाळ 'ईमेल'च म्हणणारा कुणी सापडलाय का?

मीटिंगग्रस्त:
आमच्या मॅनेजरला विचारून सांगतो.